कॉम्प्रेसर बदलायची मंजुरी: साहेबांपुढे कोणते आकडे ठेवायचे?

प्रश्न: भोसरीत आमचं सीएनसी वर्कशॉप आहे, दहा मशीन, दोन शिफ्ट. 30 एचपीचा पिस्टन कॉम्प्रेसर 2011 चा आहे. वीज खूप खातो आणि व्हॉल्व्ह सारखे जातात. स्क्रू कॉम्प्रेसरसाठी दोनदा प्रस्ताव दिला, तीन कोटेशनंही जोडली. साहेब म्हणतात, "चालतोय ना, मग कशाला?" मंजुरी मिळायला नेमकं काय लिहून द्यायचं?

उत्तर:

साहेबांचा प्रश्न रास्त आहे आणि तुमच्या प्रस्तावात त्याचं उत्तर नाही. नवीन मशीन कितीला पडेल एवढंच तीन कोटेशनं सांगतात. जुनं मशीन चालू ठेवायला वर्षाला किती पडतं, हे त्यातलं एकही कोटेशन सांगत नाही. साहेबांच्या डोक्यात जुन्या कॉम्प्रेसरचा खर्च शून्य आहे, कारण त्याचे पैसे कधीच फिटले आणि वीजबिलात त्याची ओळ वेगळी येत नाही. त्यांच्यासमोर एका बाजूला सहा लाख आणि दुसऱ्या बाजूला शून्य असताना कोणीही शून्यच निवडेल. म्हणून आधी त्या शून्याच्या जागी खरा आकडा आणा. तो विक्रेता देणार नाही, तुम्हालाच मोजावा लागेल.

पुढचे आकडे नमुन्याचे आहेत. तुमच्यासारख्या वर्कशॉपचा हिशोब कसा बसतो ते कळावं म्हणून धरले आहेत. पद्धत हीच ठेवा आणि आकडे तुमच्या मोजणीचे घाला.

आधी जुन्या कॉम्प्रेसरची मोजणी

पहिलं काम म्हणजे कॉम्प्रेसरच्या फीडरवर एनर्जी मीटर बसवून आठवडाभराची रोजची नोंद घ्यायची. क्लॅम्प मीटरने एकदा अँपिअर बघून गुणाकार करू नका. पिस्टन कॉम्प्रेसर लोडवर वेगळी वीज घेतो, अनलोडला वेगळी, आणि पॉवर फॅक्टरही तेव्हा बदलतो, त्यामुळे एका क्षणाचं रीडिंग फसवतं. समजा मीटरने कामाच्या दिवशी सरासरी 312 युनिट दाखवले. वर्षाला 300 दिवस धरले तर 93,600 युनिट होतात.

त्याच आठवड्यात दोन गोष्टी आणखी टिपा. लोडवर असताना कॉम्प्रेसर किती किलोवॉट घेतो (समजा 20.5) आणि शिफ्टच्या वेळेतला किती वेळ तो लोडवर असतो (समजा 93 टक्के). हा दुसरा आकडा वाईट बातमी सांगतो. मशीन जवळपास सतत भरतंच आहे, म्हणजे त्याच्या अंगात आता राखीव ताकद उरलेली नाही.

दुसरं काम म्हणजे तो हवा किती देतो ते बघणं. नेमप्लेटवर 110 सीएफएम असेल. घासलेल्या रिंगा आणि गळके व्हॉल्व्ह घेऊन तो आज किती देतो हे टाकी भरण्याच्या चाचणीतून अर्ध्या तासात कळतं. दुपारच्या सुट्टीत किंवा रविवारी टाकीचा बाहेरचा व्हॉल्व्ह बंद करा, टाकी पूर्ण रिकामी करा आणि तळाचं पाणी काढून टाका. पाणी राहिलं तर टाकीचं आकारमान तेवढं कमी होतं आणि कॉम्प्रेसर आहे त्यापेक्षा चांगला दिसतो. सेफ्टी व्हॉल्व्ह चालू आहे याची खात्री करूनच सुरू करा. 0 ते 7 बार दाब व्हायला किती सेकंद लागतात ते तीनदा मोजून सरासरी घ्या.

समजा 104 सेकंद लागले, म्हणजे 1.73 मिनिटं. टाकी 500 लिटरची, बंद व्हॉल्व्हपर्यंतच्या पाइपचे 20 लिटर, मिळून 0.52 घनमीटर. हिशोब असा: दाबातली वाढ 7, भागिले वातावरणाचा दाब, गुणिले 0.52, भागिले 1.73. भोसरी समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंचीवर आहे, तिथे वातावरणाचा दाब 0.95 बारच्या आसपास धरा. उत्तर मिनिटाला 2.21 घनमीटर येतं. टाकीतली हवा बाहेरच्यापेक्षा गरम असते, म्हणून तापमानाची दुरुस्ती करायची. बाहेर 32 अंश आणि टाकीत 45 अंश असेल तर 305 भागिले 318 ने गुणा. 2.12 घनमीटर राहतात, म्हणजे 75 सीएफएम.

110 च्या जागी 75. प्रस्तावात हा आकडा सगळ्यात जास्त बोलतो. 75 सीएफएमसाठी 20.5 किलोवॉट, म्हणजे दर 100 सीएफएमला 27 किलोवॉटच्या वर. याच मापाचा चांगला स्क्रू कॉम्प्रेसर 7 बारला साधारण 19 ते 20 घेतो. जुना कॉम्प्रेसर वीज जास्त का खातो याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे, आणि ते "जुना झालाय" या वाक्यात कधीच दिसत नाही.

मग गळती, आणि ती प्रस्तावाच्या आधी

साहेबांनी विचारायच्या आत तुम्हीच स्वतःला विचारा: हवा जाते कुठे? रविवारी सगळी मशीन बंद, कोणी एअर गन वापरत नाही, पण मशीनचे हवेचे व्हॉल्व्ह उघडेच ठेवा, म्हणजे मशीनच्या आतली गळतीही मोजली जाईल. कॉम्प्रेसर चालू करा. कामच नाही, तरी तो अधूनमधून लोड घेतो, आणि जेवढा वेळ घेतो तेवढी गळती. समजा 90 सेकंद लोड आणि साडेचार मिनिटं अनलोड असं चक्र चाललं. सहा मिनिटांत दीड मिनिट म्हणजे 25 टक्के. 75 च्या 25 टक्के, म्हणजे सुमारे 19 सीएफएम हवा कोणालाच न मिळता जाते आहे.

साबणाचं पाणी आणि स्प्रे बाटली घेऊन फिरलात की बहुतेक गळती ठरलेल्या ठिकाणीच सापडते: क्विक कपलर, एफआरएलच्या वाट्या, पुश फिटिंगमधल्या पीयू नळ्या, एअर गनचे होज, आणि अर्धवट उघडा सोडलेला ड्रेन व्हॉल्व्ह. तीस-पस्तीस हजारांत कपलर, नळ्या आणि दोन-तीन एफआरएल बदलून गळती 7 सीएफएमपर्यंत आली तर तेवढं पुरे. हा खर्च देखभालीच्या चालू बजेटमधून होतो, त्याला भांडवली मंजुरी लागत नाही. म्हणून प्रस्ताव लिहायच्या आधी हे करून टाका.

याचे दोन परिणाम होतात आणि दोन्ही तुमच्या प्रस्तावाला लागतात. पहिला मापाचा. लोडवर 93 टक्के वेळ म्हणजे तुमची सरासरी गरज 70 सीएफएम होती. गळतीचे 12 सीएफएम वाचले की 58 राहते. विक्रेते सवयीने "30 एचपीच्या जागी 30 एचपी" लिहून देतात आणि 22 किलोवॉटचं मशीन सुचवतात, जे 130 सीएफएमच्या आसपास देतं. तुम्हाला 15 किलोवॉटचं, 88 सीएफएम देणारं मशीन पुरतं. फक्त शिफ्ट सुटताना सगळे एकदम मशीन साफ करायला एअर गन उचलतात, त्या वेळी दाब किती खाली जातो ते दोन-तीन दिवस बघून घ्या. काही मिनिटांची ती उसळी 80 च्या आत असेल तर 88 आणि 500 लिटरची टाकी मिळून ती सांभाळतात.

दुसरा परिणाम विश्वासाचा आहे. गळती बंद केल्याची बचत नव्या मशीनच्या नावावर टाकायचा मोह होतो. पुढच्या तक्त्यात बघा, ती टाकली तर पेबॅक 28 महिन्यांवरून 20 महिन्यांवर येतो. पण अनुभवी प्लांट हेड नेमकं हेच विचारतो: "गळती बंद केली तर जुन्यावरच किती वाचेल?" त्याचं उत्तर कागदावर नसेल तर बाकीच्या सगळ्या आकड्यांवरचा भरवसा उडतो.

युनिटचा दर कुठला धरायचा

इथे बहुतेक प्रस्ताव फसतात. वीजबिलाची एकूण रक्कम भागिले युनिट करून समजा 11 रुपये 40 पैसे आले, आणि बचतीला तोच दर लावला. पण बिलातला मागणी आकार कॉम्प्रेसरने युनिट वाचवल्याने आपोआप कमी होत नाही. फक्त युनिटप्रमाणे बदलणाऱ्या ओळी घ्या: वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि त्यांच्यावर लागणारं वीज शुल्क. महावितरणच्या उच्चदाब ग्राहकांची आकारणी एप्रिल 2020 पासून केव्हीएएच वर होते, तेव्हा तुमचं कनेक्शन एचटी असेल तर पॉवर फॅक्टर बघून दर जुळवून घ्या. वेळेनुसार दर बदलतात, म्हणून दुसऱ्या शिफ्टचे तास कोणत्या टप्प्यात पडतात तेही पाहा. इथे सगळं मिळून 9 रुपये धरू. अकाउंट्सकडून हा दर तपासून घ्या आणि प्रस्तावात "दर लेखा विभागाने तपासलेला" असं लिहा. त्या एका ओळीने अर्धी चर्चा टळते.

चार पर्याय, एकच तक्ता

तीन विक्रेत्यांची तुलना ही किमतीची तुलना झाली. साहेबांना निर्णयाची तुलना हवी असते, आणि त्यात "काहीच करू नका" हा पर्याय पहिला असायला हवा. दिवसाला 16 तास, 300 दिवस, 9 रुपये दर:

| पर्याय | वर्षाचे युनिट | वीज (रु.) | देखभाल (रु.) | वर्षाचा खर्च (रु.) |
|---|---|---|---|---|
| 1. आहे तसंच | 93,600 | 8,42,400 | 1,10,000 | 9,52,400 |
| 2. जुनाच, गळती बंद | 81,600 | 7,34,400 | 1,10,000 | 8,44,400 |
| 3. 15 किलोवॉट स्क्रू, साधा | 62,100 | 5,58,900 | 70,000 | 6,28,900 |
| 4. 15 किलोवॉट स्क्रू, व्हीएफडी | 55,200 | 4,96,800 | 70,000 | 5,66,800 |

तिसऱ्या ओळीतले युनिट कसे आले ते समजून घ्या, कारण विक्रेता ते नेहमी गाळतो. साधा स्क्रू कॉम्प्रेसर अनलोडला गेला तरी मोटर फिरतच राहते आणि पूर्ण लोडच्या साधारण 30 टक्के वीज घेते. 58 सीएफएमच्या गरजेला 88 चं मशीन 66 टक्के वेळ लोडवर राहील आणि 17 किलोवॉट घेईल. उरलेल्या 34 टक्के वेळात ते 5 किलोवॉटच्या आसपास घेईल आणि हवा देणार नाही. सरासरी 13 किलोवॉट पडते. व्हीएफडीचं मशीन वेगच कमी करतं, म्हणून तीच हवा साडेअकरा किलोवॉटमध्ये मिळते.

देखभालीचे 1,10,000 हे अंदाजाने लिहू नका. गेल्या बारा महिन्यांची स्पेअरची बिलं आणि बाहेरून आलेल्या फिटरची मजुरी स्टोअर्समधून काढा. नव्या मशीनच्या बाजूलाही सर्व्हिस किटचे खरे भाव घाला. कोटेशनमध्येच दर 2,000, 4,000 आणि 8,000 तासांच्या किटची किंमत लिहून मागा. तुमचं मशीन वर्षाला 4,800 तास चालेल, म्हणजे तेल, फिल्टर आणि सेपरेटर यांचा खर्च पहिल्याच वर्षात येणार आहे.

आता किंमत. साधं मशीन 4,40,000 आणि व्हीएफडीचं 5,80,000 असं कोटेशन धरू. दोन्हीवर 60,000 जास्तीचे: क्रेनने उतरवणं, पाइप आणि बायपास व्हॉल्व्ह, केबल, ब्रेकर, अर्थिंग, गरम हवा बाहेर सोडायचा डक्ट. डक्ट विसरू नका. स्क्रू मशीन आपली गरम हवा त्याच खोलीत सोडत राहिलं तर एप्रिल-मेमध्ये जास्त तापमानावर ट्रिप होतं. नवं मशीन चार वेळा बंद पडलं की "जुनं बरं होतं" हे वाक्य तुम्हाला ऐकावं लागतं. आणि मंजुरीनंतर पुन्हा पन्नास-साठ हजार मागायला जाणं म्हणजे पुढच्या प्रस्तावाचं नुकसान.

बचत नेहमी दुसऱ्या ओळीशी ताडून काढायची. साध्या मशीनची बचत वर्षाला 2,15,500 आणि गुंतवणूक 5,00,000. व्हीएफडीची बचत 2,77,600 आणि गुंतवणूक 6,40,000. दोन्हींचा पेबॅक 28 महिन्यांच्या आसपास येतो. मग महाग का घ्यायचं? वरचे 1,40,000 वेगळे काढून बघा. ते वर्षाला 62,100 वाचवतात, म्हणजे तेही 27 महिन्यांत परत येतात आणि पुढे दरवर्षी तेवढेच वाचत राहतात. हे गणित तुमची गरज 58 च्या आसपास असेपर्यंतच खरं आहे. वर्षभरात चार नवी मशीन येणार असतील आणि गरज 80 वर जाणार असेल तर व्हीएफडी बहुतेक वेळ पूर्ण वेगाने चालेल आणि त्याचा फायदा जवळपास संपेल. तेव्हा साधं मशीन किंवा मोठं माप बघावं लागेल. उत्पादन विभागाला हे आधी विचारा.

कोटेशनं एका पातळीवर आणा

एक विक्रेता 7 बारचे सीएफएम लिहितो, दुसरा 10 बारच्या मॉडेलचे. 10 बारचं मशीन तेवढ्याच मोटरवर कमी हवा देतं. एक मोटरचे किलोवॉट लिहितो, पण पंख्यासकट पूर्ण मशीन किती वीज घेतं ते लिहीत नाही. तिघांनाही एकच पत्र पाठवा: 7 बारला आयएसओ 1217 प्रमाणे मिळणारी हवा, पंख्यासकट एकूण किलोवॉट, आणि व्हीएफडी असेल तर 100, 70 आणि 40 टक्के हवेला लागणारे किलोवॉट. वाहतूक आणि चालू करून देणं किमतीत आहे का, पैसे कधी द्यायचे आणि डिलिव्हरी किती आठवड्यांत, हेही त्यातच. सगळ्यात कमी किमतीचं कोटेशन आणि सगळ्यात कमी खर्चाचं मशीन वेगळी निघाली तर त्याचं कारण एका ओळीत लिहा. "चांगली कंपनी आहे" हे कारण होत नाही. "70 टक्के हवेला पाऊण किलोवॉट कमी, म्हणजे वर्षाला 3,600 युनिट" हे कारण होतं.

जीएसटीचं एक. तुलना जीएसटी सोडून करा, कारण 18 टक्क्यांचं क्रेडिट तुमच्या कंपनीला मिळतं (जीएसटीच्या रकमेवर घसारा घेतला नाही तर). पण बँकेतून पैसे जीएसटीसकट जातात, म्हणून प्रस्तावात दोन्ही आकडे द्या: 6,40,000 अधिक जीएसटी 1,15,200. अकाउंट्सला पहिल्यापासून बरोबर घेतलं तर तेच सांगतील की मशीन ऑक्टोबरच्या सुरुवातीच्या आत चालू झालं तर त्या वर्षी पूर्ण घसारा मिळतो, आणि वापर 180 दिवसांपेक्षा कमी झाला तर निम्माच. तारीख का महत्त्वाची, याचं हे कारण साहेबांना लगेच पटतं.

बंद पडण्याचं नुकसान हिशोबाबाहेर ठेवा

व्हॉल्व्ह गेल्यावर दहा मशीन थांबतात, हे तुम्हाला सगळ्यात जास्त टोचत असणार. हवेचा दाब पडला की टूल चेंजर आणि चक दोन्ही अडकतात. पण "तासाला इतक्या लाखांचं उत्पादन बुडतं" असं लिहिलंत की तिथे प्रस्ताव पडतो, कारण बुडतो तो नफ्याचा भाग असतो, विक्रीची पूर्ण रक्कम नव्हे, आणि बरंचसं काम रविवारी भरून निघालेलं असतं. लॉगबुकमधून गेल्या वर्षाचे तास काढा. समजा 22 तास, म्हणजे 220 मशीनतास. त्यातले 140 रविवारी भरून निघाले, त्यांचा ओव्हरटाइम 28,000. उरलेले 80 तास, तासाला 400 रुपये योगदान धरून 32,000. एकूण 60,000. हा आकडा तक्त्याखाली वेगळा लिहा आणि "पेबॅकमध्ये धरलेला नाही" असं स्पष्ट म्हणा. तो न धरताही हिशोब बसतो हे दिसलं की त्याचं वजन वाढतं.

जुना कॉम्प्रेसर बायबॅकमध्ये देऊ नका. घासलेल्या मशीनला मिळून मिळून भंगाराच्या आसपासचा भाव मिळेल. त्यापेक्षा बायपासवर स्टँडबाय ठेवा. 75 सीएफएम देतोय आणि गळती बंद झाल्यावर गरज 58 आहे, म्हणजे नवं मशीन सर्व्हिसला उघडलं असताना तो वर्कशॉप पेलतो.

कागद एकच, मागणी पहिल्या ओळीत

मोजणीच्या नोंदी आणि कोटेशनं मागे जोडा. वरचं पान असं:

> विषय: 15 किलोवॉट व्हीएफडी स्क्रू कॉम्प्रेसर खरेदीसाठी रु. 6,40,000 (अधिक जीएसटी रु. 1,15,200) मंजुरीबाबत
>
> सध्याचा 30 एचपी कॉम्प्रेसर 110 ऐवजी 75 सीएफएम हवा देतो. त्याची वीज व देखभाल मिळून वर्षाला रु. 9,52,400 खर्च होतो (सात दिवसांची मीटर नोंद व बारा महिन्यांची बिले जोडली आहेत).
>
> हवेची गळती 19 वरून 7 सीएफएमवर आणली आहे. त्यामुळे खर्च रु. 8,44,400 पर्यंत येतो. ही बचत खालील हिशोबात धरलेली नाही.
>
> नवीन मशीनने खर्च रु. 5,66,800 होईल. वार्षिक बचत रु. 2,77,600, परतफेड सुमारे 28 महिने. युनिटचा दर रु. 9, लेखा विभागाने तपासलेला.
>
> मशीन दिवसाला 12 तासांपेक्षा कमी चालल्यास परतफेड तीन वर्षांपलीकडे जाईल. एकच शिफ्ट राहिल्यास सुमारे साडेचार वर्षे लागतील.
>
> जुना कॉम्प्रेसर स्टँडबाय राहील. एनर्जी मीटर कायम ठेवून चालू झाल्यापासून 30 दिवसांनी प्रत्यक्ष युनिट कळवले जातील. अपेक्षित: दिवसाला 184 युनिट.

शेवटून दुसरा परिच्छेद, म्हणजे हिशोब कधी फसेल ते सांगणारा, बहुतेक जण घाबरून गाळतात. तो ठेवाच. ऑर्डर कमी झाल्या तर काय, हा साहेबांचा पुढचा प्रश्न असतो आणि त्याचं उत्तर त्यांच्या हातात आधीच पडलेलं बरं. एक शिफ्टचा आकडा असा येतो: विजेची बचत निम्मी म्हणजे 1,18,800, देखभालीचीही निम्मी म्हणजे 20,000, मिळून 1,38,800, आणि 6,40,000 भागिले तेवढे.

कागद मेलने पाठवून थांबू नका. दहा मिनिटं मागून घ्या आणि जाताना टाकी भरण्याच्या चाचणीची नोंद हातात ठेवा. शक्य असेल तर साहेबांनाच रविवारी कॉम्प्रेसर रूममध्ये आणा. वर्कशॉप पूर्ण बंद आहे आणि तरी कॉम्प्रेसर दर काही मिनिटांनी लोड घेतो, हे गळती दुरुस्त करण्याआधी त्यांनी एकदा कानाने ऐकलं की तक्ता समजावून सांगायला वेळ लागत नाही.

"पुढच्या वर्षी बघू" असं उत्तर आलं तर वाद घालू नका, उशिराची किंमत लक्षात आणून द्या: महिन्याला साधारण 23,000. आणि मीटर काढू नका. सहा महिन्यांनी पुन्हा टाकी भरून बघा. 104 सेकंदांचे 115 झाले असतील तर त्याच कागदावर तारीख आणि दोन आकडे बदलून तो पुन्हा द्या.

मंजुरी मिळाली तर तिसाव्या दिवशीचं रीडिंग स्वतःहून द्या. 184 च्या जागी 200 दिसले तर कारण शोधूनच कळवा. बहुधा दाब 7 च्या वर सेट केलेला असतो (1 बार वाढला की वीज 6 ते 7 टक्के वाढते) किंवा गळती पुन्हा सुरू झालेली असते. स्टँडबाय कॉम्प्रेसर आठवड्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटं लोडवर चालवत राहा, नाहीतर ज्या दिवशी लागेल त्या दिवशी त्याचे व्हॉल्व्ह गंजून चिकटलेले असतील.